जर्मन सिनेमा ऐकताना सबटायटल्स कधी लावायची, कधी काढायची

पुण्यात मॅक्स म्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणाऱ्या बहुतेकांना एक टप्पा लागतो. ए-टूची परीक्षा झालेली असते, बी-वनचं पुस्तक निम्मं झालेलं असतं, वर्गात बाईंचं बोलणं नीट कळत असतं. मग घरी एखादा जर्मन सिनेमा लावला जातो. इंग्रजी सबटायटल्स असली की सगळं कळतं आणि काढली की जवळजवळ काहीच कळत नाही. यावर दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे सबटायटल्स लावून भरपूर सिनेमे बघ, कान आपोआप तयार होईल. दुसरा म्हणजे सबटायटल्स पहिल्या दिवसापासून बंद ठेव. मला दोन्ही पटत नाहीत. सबटायटल उपयोगी पडतं, पण ते कोणत्या भाषेतलं आहे आणि प्रसंग कितव्यांदा ऐकताना लावलं आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

आधी डोळ्यांचं वागणं समजून घेऊ. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात गेरी द'इदवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. ऐकू येणारी भाषा नीट येत असली, सबटायटलची काही गरज नसली, तरी पडद्यावर अक्षरं उमटली की लोक ती वाचतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे 'सबटायटल असू दे, मी तिकडे बघणार नाही' हा निश्चय फारसा टिकत नाही. वाचायचं नसेल तर अक्षरं पडद्यावरून जायलाच हवीत.

दुसरा अभ्यास त्याहून कामाचा आहे. होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांनी तो 2009 मध्ये प्रसिद्ध केला. चांगलं इंग्रजी येणाऱ्या डच विद्यार्थ्यांना त्यांनी सवयीच्या नसलेल्या उच्चारांचं इंग्रजी, काहींना ऑस्ट्रेलियन तर काहींना स्कॉटिश, साधारण 25 मिनिटं दाखवलं. काहींसाठी सबटायटल्स इंग्रजीत होती, काहींसाठी डचमध्ये, काहींसाठी मुळीच नव्हती. नंतर त्याच बोलीतले तुकडे फक्त ऐकवून ते जसेच्या तसे म्हणायला लावले. इंग्रजी सबटायटल्सवाल्यांना आधी ऐकलेली आणि अगदी नवी, दोन्ही प्रकारची वाक्यं चांगली जमली. डच सबटायटल्सवाल्यांना ऐकलेली वाक्यं बरी जमली, पण नव्या वाक्यांत ते सबटायटल्स न बघितलेल्यांच्याही मागे पडले.

कारण समजायला सोपं आहे. कानावर एक विचित्र, गुंतलेला आवाज पडतो आणि त्याच क्षणी खाली त्याच भाषेतला शब्द दिसतो. 'हा आवाज म्हणजे हा शब्द' अशी गाठ बसते आणि पुढच्या वेळी कान तो आवाज ओळखतो. खाली आपल्या सवयीच्या भाषेतला अर्थ आला, तर अर्थ कळला म्हणून काम तिथंच संपतं. आवाज उलगडायची गरजच उरत नाही.

मराठी माणसाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. जर्मन सिनेमाला मराठी सबटायटल्स क्वचितच मिळतात, त्यामुळे आपण इंग्रजी वाचतो. जर्मन गौण वाक्यात क्रियापद शेवटी येतं, अगदी मराठीसारखं. 'वाइल इश गेस्टर्न काइने त्साइट हाटे' हे वाक्य 'कारण मला काल वेळ नव्हता' याच्या क्रमानेच चालतं. जर्मन श्रोता शेवटच्या 'हाटे'पर्यंत थांबतो, मराठी माणसालाही असं थांबायची सवय असते. इंग्रजी ओळीत मात्र क्रियापद आधीच येऊन बसतं, आणि पात्राच्या तोंडून ते बाहेर पडण्याआधी आपल्याला कळलेलं असतं. म्हणजे आपल्या भाषेनं दिलेला फायदा आपण मधल्या भाषेपायी घालवतो.

कोणती सबटायटल्स घ्यायची

अभ्यासासाठी जर्मन सबटायटल्स हवीत, आणि सिनेमा मुळातच जर्मन असायला हवा. ही दुसरी अट बरेच जण विसरतात. जर्मनीत परदेशी सिनेमे मोठ्या प्रमाणावर डब होतात, आणि डबिंगचा आवाज उत्तमही असतो. पण डबिंगचं भाषांतर पात्राच्या ओठांशी जुळवून केलेलं असतं, तर सबटायटल्सचं भाषांतर बऱ्याचदा वेगळं, वाचायला सोयीचं असं केलेलं असतं. दोन्ही जर्मन असूनही कानाला एक वाक्य ऐकू येतं आणि डोळ्याला दुसरं दिसतं. नवशिक्याला वाटतं, आपल्यालाच ऐकू आलं नाही. म्हणून कोणताही सिनेमा निवडण्याआधी मधलीच दहा वाक्यं थांबत थांबत तपासा. आठ-नऊ वाक्यांत मुख्य शब्द जुळले तर तो चालेल. निम्मीच जुळली तर दुसरा शोधा.

कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेली सबटायटल्स उपलब्ध असतील तर ती आधी बघा. त्यांत 'दार आपटतं', 'फोन वाजतो' अशा आवाजांच्या नोंदी असतात, त्यावरून ती ओळखू येतात. ती बोलण्याच्या सहसा जास्त जवळ असतात.

तरीही कोणतंच सबटायटल बोलण्याची पूर्ण नक्कल नसतं. एका ओळीत साधारण 40 अक्षरं, एका वेळी फार तर दोन ओळी, आणि प्रेक्षकाला वाचून व्हायला वेळ मिळायला हवा, या मर्यादांत ते बसवावं लागतं. पात्र घाईघाईने बोलत असेल तर काही शब्द गळतात. जर्मनमध्ये सर्वात आधी गळतात ते 'दॉख', 'या', 'माल', 'हाल्ट' असे छोटे शब्द, कारण त्यांच्यावाचून अर्थ भागतो. पण बोलण्याचा सूर त्यांच्यातच असतो. त्यामुळे कानाला एखादा शब्द जास्त ऐकू आला आणि तो खाली दिसला नाही, तर आधी कानावर विश्वास ठेवा.

शब्द येतो, तरी ऐकू का येत नाही

आपण लिहितो 'काय करत आहेस', म्हणतो 'काय करतोयस'. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाने पुस्तकात पहिलं वाचलेलं असतं, आणि रस्त्यावर त्याच्या कानावर दुसरं पडतं. जर्मनचं तसंच आहे. 'हाबेन वीर' म्हणजे 'आपल्याकडे आहे का'. रोजच्या बोलण्यात त्याचं 'हामवा' होतं. 'हास्ट डू'चं 'हास्टे' होतं, 'इश हाबे'चं 'इश हाब', 'इस्ट'चं नुसतं 'इस', 'निश्ट'चं 'निश'. 'आइनेन'चा तर कधीकधी एक 'न' तेवढा उरतो. बर्लिनच्या बोलीत 'इश'चं 'इक' आणि 'गूट'चं 'यूट' होतं. यातला एकही शब्द अवघड नाही, सगळे पहिल्या महिन्यात शिकवलेले आहेत. म्हणून 'माझा शब्दसंग्रह कमी आहे' हे निदान बऱ्याचदा चुकतं. कमी असते ती बोलण्यातल्या रूपाची ओळख, आणि ती जर्मन सबटायटल्समुळे होते, कारण त्यांत बहुधा पूर्ण रूप लिहिलेलं असतं.

एक प्रसंग, चार वेळा

आता मुख्य काम. पूर्ण सिनेमा नाही, दोन-तीन मिनिटांचा एक प्रसंग घ्यायचा. दोन माणसं, एक खोली, रोजचं बोलणं असं काही निवडा. पाठलाग, युद्ध, कोर्टातली भाषणं, पार्श्वसंगीतावरची कुजबुज, हे सुरुवातीला नको.

समजा, स्वयंपाकघरात भाऊ आणि बहीण बोलतायत. भाऊ विचारतो, 'हास्टे मामा शोन आनगेरूफेन?' बहीण म्हणते, 'ने, इश रूफ झी नाखहेआ आन.' भाऊ: 'दास हास्टे गेस्टर्न आउख गेझाक्ट.' बहीण: 'वाइल इश गेस्टर्न काइने त्साइट हाटे.' भाऊ: 'दान हामवा या इमा नॉख काइनेन कूखन.' बहीण: 'इश क्युमा मिश द्रुम.'

पहिली फेरी सबटायटल्सशिवाय, न थांबता. या वेळी फक्त एवढंच शोधायचं की कोणाला कोणाकडून काय हवंय आणि कोण चिडलंय. ए-टू झालेल्या माणसाला यात 'मामा', 'गेस्टर्न', 'त्साइट' आणि 'कूखन' एवढे शब्द बहुतेक मिळतील. आई, काल, वेळ, केक. यावरून अंदाज बांधा आणि तो एका ओळीत वहीत लिहा. लिहिणं महत्त्वाचं, कारण नंतर सबटायटल दिसलं की 'मला हे आधीच कळलं होतं' असं वाटू लागतं.

दुसरी फेरी जर्मन सबटायटल्स लावून, वाक्यावाक्याला थांबत. आता न कळलेल्या प्रत्येक जागेचं कारण बघायचं. पाचव्या वाक्यात 'हामवा'पाशी अडलं होतं, खाली दिसतं 'हाबेन वीर'. शब्द येत होता, रूप ओळखीचं नव्हतं. वहीत एका बाजूला लिहिलेलं रूप आणि शेजारी ऐकू आलेलं रूप टिपा. दुसऱ्या वाक्यात 'आन' हा सुटा शब्द कुठून आला ते कळलं नव्हतं. मूळ क्रियापद 'आनरूफेन', म्हणजे फोन करणे. त्याचा पहिला तुकडा वाक्याच्या शेवटी गेलाय. 'नंतर करते तिला फोन' एवढं साधं वाक्य, पण 'रूफ' ऐकल्यावर शेवटपर्यंत थांबायला हवं होतं. इथे व्याकरण येतं, पण कान धीर धरत नाही. शेवटचं वाक्य मात्र खरंच नवं आहे. 'झिश क्युमर्न उम', म्हणजे एखाद्या गोष्टीची जबाबदारी घेणे. बहीण म्हणतेय, 'बघते मी त्याचं.' शब्दकोश काढायचा तो अशाच जागी. आणि पाचव्या वाक्यातला 'या' सबटायटलमध्ये कदाचित नसेलच. 'म्हणजे केक अजून नाहीच ना' यातल्या 'ना'चं काम तो करतोय.

सहा वाक्यांत न कळण्याची तीन वेगवेगळी कारणं निघाली, आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. नवा शब्द पाठ करावा लागतो. बोलीतलं रूप पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. तुटणारं क्रियापद धरून ठेवायचा सराव करावा लागतो. सगळ्यावर 'शब्द वाढव' हा एकच उपाय केला, तर वही भरते आणि 'हामवा' तसाच अनोळखी राहतो.

तिसरी फेरी पुन्हा सबटायटल्सशिवाय, एकेक वाक्य करून. ऐकायचं, थांबवायचं, त्याच वेगात आणि त्याच चढउतारात मोठ्याने म्हणायचं. 'हाबेन वीर' नाही, 'हामवा'च म्हणायचं. जे वाक्य म्हणताना तुटतं, ते अजून नीट ऐकू आलेलं नसतं. त्यासाठी दुसरी चाचणी लागत नाही. अडलं तर तेवढ्यापुरतं सबटायटल दाखवा आणि लगेच काढा.

चौथी फेरी सगळा प्रसंग सलग, सबटायटल्सशिवाय. आता वाक्यं नुसती ओळखीची वाटायला नकोत, बोलता बोलता अर्थ लागायला हवा. अशा दोन मिनिटांना चारही फेऱ्या धरून 20 ते 25 मिनिटं लागतात. तेवढा वेळ लागणारच. पाच मिनिटांत उरकत असेल तर प्रसंग तुमच्यासाठी सोपा आहे.

तांत्रिक गोष्टी थोडक्यात. विंडोज संगणकावर VLC वापरत असाल तर `V` दाबून सबटायटल बदलतं आणि बंदही होतं, `Shift`+`←` दाबलं की काही सेकंद मागे जातं. यूट्यूबवर `C` दाबून सबटायटल चालू-बंद होतं. टीव्हीवर दर वेळी मेनूत शिरावं लागत असेल, तर पडद्याच्या खालच्या भागावर कागदाची पट्टी लावा. द'इदवाल यांनी दाखवलेल्या सवयीवर हा उपाय पुरेसा आहे.

आठवड्याची मांडणी

रविवारी पूर्ण सिनेमा इंग्रजी सबटायटल्स लावून बघा. हा अभ्यास नाही, गोष्ट कळण्यासाठी आहे. कोण कोणाचं कोण हे माहीत असलं की कानावरचा बराच भार कमी होतो. बघता बघता चार प्रसंगांच्या वेळा टिपून ठेवा.

सोमवार ते गुरुवार रोज एक प्रसंग, वरच्या चार फेऱ्यांनी. शुक्रवारी ते चारही प्रसंग सबटायटल्सशिवाय, मध्ये न थांबता. शनिवारचं काम सर्वात महत्त्वाचं. त्याच सिनेमातला, अभ्यास न केलेला दहा मिनिटांचा तुकडा घ्या आणि सबटायटल्सशिवाय ऐका. नंतर घडलं काय ते पाच-सहा वाक्यांत मराठीत लिहा आणि मगच जर्मन सबटायटल लावून पडताळा.

शनिवार का, तर आठवडाभरातली प्रगती दिसायला फसवी असते. एकच प्रसंग बऱ्याच वेळा ऐकला की तो पाठ होतो, आणि पाठ झालेलं कळल्यासारखंच वाटतं. कान तयार झालाय की नाही, ते अभ्यास न केलेल्या तुकड्यावरच कळतं. तीच पात्रं असल्याने आवाज आणि लकबी ओळखीच्या असतात, फक्त वाक्यं पाठ नसतात. त्यामुळे तुलना रास्त होते.

शनिवारच्या तुकड्यावरून पुढचा आठवडा ठरवायचा. मुख्य घटना बरोबर लिहिल्या असतील, तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या फेरीत प्रत्येक वाक्याला सबटायटल नको. आधी तीन वेळा ऐका, तरीही नाही कळलं तरच दाखवा. निम्म्याच घटना जमल्या असतील तर मांडणी आहे तशीच ठेवा. कोण काय म्हणतंय याचाच पत्ता लागला नसेल, तर सिनेमा अवघड आहे, तो बदला. इंग्रजी सिनेमांच्या संवादांच्या एका मोठ्या मोजणीत असं दिसलं होतं की सुमारे 3,000 शब्दकुटुंबं आणि विशेषनामं माहीत असली की साधारण 95 टक्के शब्द ओळखीचे होतात. शब्दकुटुंब म्हणजे एक शब्द आणि त्याची सगळी रूपं. जर्मनसाठी नेमका आकडा वेगळा असू शकेल, पण अंदाज येतो. ए-वनचा विद्यार्थी यात फार मागे असतो. त्याने सिनेमाआधी डॉइचे वेलेने शिकणाऱ्यांसाठी केलेल्या मोफत दृक्‌श्राव्य मालिकांवर हीच चार फेऱ्यांची पद्धत वापरावी, त्यात बोलणं मुद्दाम सावकाश ठेवलेलं असतं.

काय बिघडतं

सर्वात जास्त आढळणारी गोष्ट म्हणजे दुसरी फेरीच पहिली होणं. दमलेलं असताना 'आधी सबटायटल बघू, मग ऐकू' असं होतं. पण उत्तर बघून ऐकलं की कुठे अडत होतं तेच कळत नाही, आणि निदानाशिवाय उपायही नाही. अशा दिवशी अभ्यास सोडून नुसता सिनेमा बघितलेला बरा.

दुसरं म्हणजे जर्मन सबटायटल कायम चालू राहणं. इंग्रजी सोडून जर्मनवर आलो म्हणजे जिंकलं असं वाटतं, आणि दोन महिन्यांनी वाचनाचा वेग छान वाढलेला असतो. तो उपयोगीच आहे. पण डोळे पात्राच्या आधी वाक्य संपवतात, मग कान फक्त खूण करतो. हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. सबटायटल्स लावून नीट कळलेला एक मिनिटाचा भाग घ्या आणि लगेच डोळे मिटून पुन्हा ऐका. अर्थ निसटत असेल तर आधी तो वाचून कळला होता.

आणि तिसरी मर्यादा सिनेमाचीच आहे. चित्र फार मदत करतं. पात्र दाराकडे बघतं, हातात किल्ली असते, वाक्य कळायच्या आधी अर्थ कळतो. गोएथे बी-वनच्या श्रवण परीक्षेत चित्रपट नसतो, नुसता आवाज असतो. चारपैकी दोन भाग दोनदा ऐकवतात, उरलेले दोन एकदाच. परीक्षा जवळ आली असेल तर शुक्रवारचे चार प्रसंग पडदा बंद करून ऐका, आणि शनिवारचा तुकडाही एकदाच. जर्मनीत नोकरीला जाणाऱ्यांनाही हे हवं, कारण फोनवर डॉक्टर, घरमालक किंवा कार्यालयातला माणूस दिसत नाही.

सबटायटल पूर्ण कधी घालवायचं असं विद्यार्थी विचारतात. शनिवारचे सलग तीन तुकडे बिनचूक जमले, म्हणजे तशाच जातीच्या सिनेमांसाठी ते काढून टाकावं. घरगुती गोष्टींवर कान तयार झाला म्हणून बव्हेरियाच्या खेड्यातली गोष्ट लगेच कळेल असं नाही. तिथे उच्चार निराळे, शब्दही थोडे निराळे. अशा वेळी मिटरर-मॅक्वीन यांचा निष्कर्ष थेट वापरता येतो. पहिली 20-25 मिनिटं जर्मन सबटायटल्स लावून बघा, नव्या बोलीचे आवाज कोणत्या शब्दांचे आहेत हे कानाला कळू द्या, आणि मग बंद करा. बंद केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं अवघड जातात. दहा मिनिटांनंतरही तसंच वाटलं, तर पुन्हा लावून आणखी एक प्रसंग ऐका.